उन्हाळ्यात सत्तूचं शरबत: कोणाला चालतं, आणि किडनी-डायबिटीसवाल्यांनी कुठे थांबायचं

ऊन तापायला लागलं की भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कुर्ला अशा वस्त्यांमध्ये सत्तूच्या गाड्या दिसू लागतात. स्टीलचा मोठा डबा, बाजूला कापलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबं, काळं मीठ, आणि लाकडी रवीने घुसळून दिलेला गार ग्लास. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून कामासाठी आलेल्या मजुरांनी ही सवय इकडे आणली. लूमवर बारा तास उभं राहणारा माणूस सकाळी एक ग्लास सत्तू पिऊन निघतो आणि जोहरपर्यंत त्याला भूक लागत नाही. शेजाऱ्यांचं बघून आता आपल्याही घरांत सत्तूचं पाकीट येऊ लागलं आहे. चीज चांगली आहे. पण घरात शुगरचा किंवा किडनीचा पेशंट असेल, तर सगळ्यांसाठी एकाच तपेल्यात सत्तू घोळण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. त्याच आम्ही इथे सांगत आहोत.

सत्तू म्हणजे नेमकं काय?

बिहारी सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. हरभरा भट्टीवर गरम वाळूत भाजतात, वरचं साल काढतात आणि दळतात. आपल्याकडे किराणा दुकानात जे डाळं मिळतं, ज्याची आपण चटणी करतो, ते बारीक दळलं की साधारण सत्तूच तयार होतो. घरी मिक्सरवर करून दोनदा चाळून घ्या, काम झालं. फुटाण्यांपासून करायचा असेल तर साल चोळून काढा आणि ते मीठ-हळद लावलेले नाहीत हे बघून घ्या. खारे फुटाणे दळले तर किती मीठ पोटात जातंय याचा हिशेब राहत नाही.

इथे दोन ठिकाणी गोंधळ होतो. पहिला बेसनाचा. बेसन म्हणजे कच्च्या हरभरा डाळीचं पीठ. ते पाण्यात घोळून प्यायचं नसतं. कच्च्या डाळीत प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते भाजल्याने किंवा शिजवल्यानेच कमी होतात. कच्चं बेसन प्यायलात तर पोट फुगेल, दुखेल, जुलाबही होतील. ओळखायला सोपं आहे: सत्तूला फुटाण्यासारखा खमंग वास येतो आणि चिमूटभर तोंडात टाकला तर तो गोडसर लागतो. बेसन कच्चट आणि किंचित कडवट लागतं.

दुसरा गोंधळ नावाचा. मराठीत सातू म्हणजे जव, आणि जुन्या मराठी घरांत सातूचं पीठ म्हणून जे करतात त्यात भाजलेले गहू आणि डाळं असतं, कधी जव असतो, आणि ते गूळ-दूध घालून खातात. हदीसच्या किताबांमध्ये सफरीतल्या खाण्यात ज्या ‘सवीक’चा उल्लेख येतो, तेही भाजलेल्या जवाचं किंवा गव्हाचं पीठ होतं, हरभऱ्याचं नव्हे. पद्धत तीच, धान्य वेगळं. हा फरक शुगरच्या पेशंटसाठी महत्त्वाचा आहे, कारण गहू, मका किंवा जव मिसळला की पिठातली प्रथिनं कमी होतात आणि स्टार्च वाढतो. पाकिटावर ‘सत्तू’ एवढंच लिहिलेलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. फक्त भाजलेला हरभरा आहे, की सोबत गहू, मका, साखरसुद्धा आहे, हे तिथेच कळतं.

एका ग्लासात काय मिळतं?

आम्ही हिशेबासाठी ३० ग्रॅम सत्तू धरतो. पोह्याच्या मोठ्या चमच्याने सपाट भरून साधारण तीन चमचे होतात. चमचे लहान-मोठे असतात, म्हणून एकदा किराणावाल्याच्या काट्यावर ३० ग्रॅम तोलून आपल्या चमच्याचं माप ठरवून घेतलेलं बरं.

एवढ्या सत्तूत सुमारे ११० कॅलरी, ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. यातला काही भाग फायबर असतो, जो पचत नाही पण पोट भरलेलं ठेवतो. पोटॅशियम अडीचशे ते तीनशे मिलीग्रॅम आणि फॉस्फरस शंभर मिलीग्रॅमच्या आसपास असतं. प्रथिनांसाठी पाहिलं तर हे एका अंड्याएवढं झालं. उन्हात जेवण नकोसं होतं तेव्हा पाणी, मीठ आणि प्रथिनं तिन्ही एका ग्लासात पोटात जातात, हा सत्तूचा खरा फायदा.

लोक म्हणतात सत्तू ‘ठंडा’ असतो. खरं सांगायचं तर पिठात थंडावा नसतो. थंडावा येतो तो सोबतच्या तीनशे मिलीलिटर पाण्याने आणि घामातून गेलेलं मीठ थोडं भरून निघाल्याने. त्यामुळे सत्तू घट्ट घोळून दोन घोट प्यायला तर उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग नाही, उलट तहान लागेल. पातळ हवा.

करण्याची रीत अशी: तीन चमचे सत्तू ग्लासात घ्या. आधी तीन-चार चमचे पाणी घालून गुठळ्या मोडा आणि सरबरीत करा, मगच उरलेलं माठाचं पाणी घाला. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात. भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धं लिंबू, बारीक कापलेला कांदा, पुदिना किंवा कोथिंबीर आणि चिमूटभर काळं मीठ. हलवून लगेच प्या, कारण पीठ खाली बसतं. घोळलेला सत्तू उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर ठेवू नका, आंबतो. कोरडं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिनाभरात संपेल एवढंच आणा. जुन्या तेलासारखा खवट वास आला किंवा जाळी-किडे दिसले तर टाकून द्या. ज्यांना सवय नाही त्यांनी पहिले चार-पाच दिवस एकाच चमच्याने सुरुवात करावी, नाहीतर गॅसने हैराण व्हाल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सत्तू ओआरएस नाही. जुलाब-उलट्या सुरू असतील तर मापात केलेलं ओआरएसच द्यायचं. आणि उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात सत्तू, शरबत, पाणी काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

डायबिटीस असेल तर

हरभऱ्याने शुगर हळू चढते, ही गोष्ट खरी आहे. पाव, मैद्याचं बिस्कीट किंवा साखरेचं शरबत यांच्या तुलनेत सत्तू कितीतरी बरा. पण अख्खा उकडलेला हरभरा चावून खाणं आणि त्याचं बारीक पीठ पाण्यातून पिणं यात फरक आहे. पीठ लवकर पचतं. म्हणून ‘सत्तू आहे, कितीही प्या’ असं होत नाही. दिवसाला ३० ग्रॅमचा एक ग्लास, साखर-गूळ न घालता, ही बहुतेकांसाठी सुरुवातीची ठीक मर्यादा. गोड सत्तूत दोन चमचे साखर घातली की दहा ग्रॅम साखर गेली. गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

यापेक्षा मोठा धोका उलट बाजूचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शुगर चढण्याचा नाही, शुगर पडण्याचा.

उदाहरण घेऊ. समजा घरातल्या अम्मी ५२ वर्षांच्या आहेत. सकाळी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. रोजचा नाश्ता दोन पाव आणि दोन चमचे साखरेचा चहा. यात साधारण चाळीस ग्रॅम कर्बोदकं होतात, आणि डॉक्टरांनी गोळीचा डोस याच नाश्त्यावरची शुगर बघून ठरवलेला आहे. आता गरमीत भूक नाही म्हणून अम्मी पाव-चहा सोडून फक्त सत्तूचा एक ग्लास घेतात. कर्बोदकं चाळिसावरून सतरावर आली, त्यातलाही काही भाग फायबर. ग्लिमेपिराइडला मात्र हे माहीत नाही. ती गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत राहते, तुम्ही खा की खाऊ नका. अकरा-बाराच्या सुमाराला अम्मींना घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं हलकं वाटतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात, ‘गर्मी आहे, पंख्याखाली पडा, अजून थोडा सत्तू घ्या.’

इथेच चूक होते. उन्हाचा त्रास आणि शुगर पडणं, दोन्हींत घाम येतो, दोन्हींत चक्कर येते. मे महिन्यात सगळ्यांना आधी ऊनच आठवतं. फरक कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे ग्लुकोमीटर. आकडा ७० च्या खाली असेल तर ती शुगर पडलेली आहे. मशीन जवळ नसेल आणि माणूस गोळीवर किंवा इन्सुलिनवर असेल, तर शुगर पडली असंच धरून चाला. शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. अशा वेळी सत्तू अजिबात द्यायचा नाही, कारण त्याने शुगर हळू चढते आणि इथे लगेच चढायला हवी. सावरल्यावर मात्र काहीतरी खाऊ घाला, म्हणजे पुन्हा पडणार नाही. गिळता येत नसेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

म्हणून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सत्तू नाश्त्याच्या जागी आणू नये. आणायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यावा. मनाने गोळी बंद करणं हा मार्ग नाही. उन्हाळ्यात नफिल रोजे ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सहेरीत फक्त सत्तू पिऊन आणि नेहमीची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं आहे. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ही भीती बरीच कमी असते.

आपल्याला सत्तू मानवतो का, हे घरीच तपासता येतं. एक दिवस नेहमीच्या नाश्त्याआधी आणि नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी शुगर मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पण नाश्ता थोडा कमी करून सोबत सत्तू घ्या, उदाहरणार्थ एक पाव आणि एक ग्लास सत्तू, आणि तसंच मोजा. मध्ये एकदा अकराच्या आसपासही बघा. तीन-चार दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. ‘सत्तू चालेल का?’ या तोंडी प्रश्नापेक्षा त्या आकड्यांवरून डॉक्टर नेमकं सांगू शकतील.

किडनीचा आजार असेल तर

इथे गोष्ट जास्त नाजूक आहे. निरोगी माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमजोर झाली की ते रक्तात साठू लागतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि वाईट म्हणजे त्याची आधी काही जाणीव होईलच असं नाही. कधी पाय जड वाटतात, कधी धडधड होते, कधी काहीच नाही. ते रक्ताच्या तपासणीतच कळतं. साधारणपणे रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं.

किडनीच्या पेशंटना डॉक्टर सांगतात की भाजी कापून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. डाळीलाही भिजवून पाणी टाकण्याची युक्ती थोडीफार लागू पडते. सत्तूत ही सोय नाही. ते कोरडं भाजलेलं असतं, आणि घोळलेलं सगळंच्या सगळं आपण पितो. फेकायला काही उरत नाही.

आणखी एक हिशेब बघू. समजा घरातले अब्बा ५८ वर्षांचे, वजन ६० किलो, डायलिसिस सुरू नाही. क्रिएटिनिन २.१ आहे, म्हणजे ईजीएफआर ३६ च्या आसपास. किडनी एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त काम करते आहे असं ढोबळमानाने समजा. पोटॅशियम ५.३. अशा अवस्थेत साधारणपणे वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे अब्बांना दिवसाला ४८ ग्रॅम. आता कोणी म्हणालं, ‘सत्तूने ताकद येते, सकाळ-संध्याकाळ एक-एक मोठा ग्लास घ्या,’ आणि एका ग्लासात ५० ग्रॅम सत्तू पडला, तर दिवसाला १०० ग्रॅम झाला. त्यातून वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आणि नऊशे मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम जातं. म्हणजे दिवसभराच्या प्रथिनांचा जवळपास निम्मा वाटा फक्त सत्तूतच संपला. वरून दुपारची डाळ, रात्रीचं सालन, एखादं केळं किंवा खजूर आहेच. मुळात ५.३ वर असलेलं पोटॅशियम आणखी वर जाणार. अशा पेशंटने आकडा खाली येईपर्यंत सत्तू घेऊच नये.

त्यात ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, स्वतःच पोटॅशियम वाढवू शकतात. या गोळ्या किडनी आणि हृदयासाठी गरजेच्या असतात, त्यामुळे गोळी बंद करायची नाही, खाण्यात सांभाळायचं. आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ते किडनीच्या पेशंटच्या ग्लासात चुकूनही पडायला नको. काळं मीठही मीठच आहे. पाव चमचा मीठ म्हणजे जवळपास सहाशे मिलीग्रॅम सोडियम, आणि गाडीवाला मापून घालत नाही. बीपी आणि अंगावर सूज असणाऱ्यांनी गाडीवरचा सत्तू सोडून घरचाच, बिनमिठाचा प्यावा.

फॉस्फरसबाबत थोडा दिलासा आहे. हरभऱ्यातलं बरंचसं फॉस्फरस अशा रूपात असतं की शरीर ते पूर्ण शोषून घेऊ शकत नाही. म्हणून फक्त फॉस्फरसच्या भीतीने थोड्याशा सत्तूला घाबरायची गरज नाही.

मग किडनीच्या सगळ्याच पेशंटना सत्तू बंद का? तसं नाही. पोटॅशियम नॉर्मल असेल, आजार सुरुवातीचा असेल आणि डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांनी होकार दिला, तर दोन चमचे सत्तू एखाद्या वेळी डाळीच्या बदल्यात बसू शकतो. शब्द लक्षात घ्या: बदल्यात, वरून नव्हे. सत्तू घेतला त्या दिवशी एक वाटी डाळ कमी.

डायलिसिसवर असणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना प्रथिनं उलट जास्त लागतात, किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम, कारण डायलिसिसमध्ये ती वाया जातात. हे ऐकून कोणी ‘मग सत्तू चांगलाच’ म्हणेल. पण दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पोटॅशियम आणि पाणी दोन्ही अंगात साठतं. सत्तूच्या ग्लासातलं तीनशे मिलीलिटर पाणीसुद्धा त्यांच्या दिवसाच्या पाण्याच्या कोट्यात मोजायचं असतं. त्यांची प्रथिनं अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन यांतून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात आलेली बरी. उन्हाळ्यात गार काही हवंसं वाटलं तर कोट्यातल्या पाण्यातच लिंबू पिळून बिनमिठाचं घोट-घोट घ्यावं. नारळपाणी ‘नैसर्गिक’ म्हणून दिलं जातं, पण त्यात एका सत्तूच्या ग्लासापेक्षाही जास्त पोटॅशियम असू शकतं.

कळत नसेल तर आधी हे करा

खरी अडचण अशी आहे की किडनी खराब होत असल्याचं बऱ्याच शुगर पेशंटना माहीतच नसतं. शुगरची जुनी बिमारी किडनीला हळूहळू खाते आणि बराच काळ काही दुखत नाही. म्हणून पाच-दहा वर्षं शुगर किंवा बीपी असलेल्यांनी सत्तू रोजचा करण्याआधी तीन तपासण्या करून घ्याव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन (ईजीएफआरसह), रक्तातलं पोटॅशियम आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, जिला एसीआर म्हणतात. ईजीएफआर ६० च्या खाली, एसीआर ३० च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर आलं, तर सत्तूचं पाकीट बाजूला ठेवा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत आपल्या गोळ्यांचं पाकीटही न्या, नावं तोंडपाठ नसतात.

तिन्ही रिपोर्ट ठीक असतील, तर माठाचं पाणी, लिंबू आणि तीन चमचे सत्तू, बिनधास्त प्या. आणि घरात दोन माणसांचं परहेज वेगळं असेल तर तपेलंभर सत्तू एकत्र घोळू नका. ग्लास वेगळे, चमचे मोजून, आणि मीठ प्रत्येकाच्या ग्लासात त्याच्या त्याच्या हिशेबाने.